स्लॅबला पाणी मारायचं म्हणजे नेमकं काय करायचं

स्लॅब पडतो, पेढे वाटले जातात, मिक्सरवाले सामान आवरून निघतात आणि मिस्त्री जाता जाता सांगतो, "दोन टाइम पाणी मारा." घर बांधणाऱ्या माणसाला क्युरिंगबद्दल बहुतेक वेळा एवढंच सांगितलं जातं. मग सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला कुणीतरी पाइप घेऊन वर जातं, स्लॅब काळाभोर होईपर्यंत भिजवतं आणि खाली येतं. मे महिन्यात तो स्लॅब अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा पांढरा पडलेला असतो. म्हणजे दिवसाच्या २४ तासांतले फार तर तीन-चार तास तो ओला राहतो आणि बाकीचा वेळ कोरडा. याला पाणी मारणं म्हणता येईल, क्युरिंग म्हणता येणार नाही.

सोलापूर जिल्ह्यात लहान घरांच्या कामांवर देखरेख करताना मी हा प्रकार इतक्या वेळा पाहिलाय की आता ठेकेदाराशी पहिलं बोलणं याच विषयावर करतो. खाली जे सांगतोय ते बार्शीतल्या माझ्या मावशीच्या घराच्या उदाहरणावरून सांगतो. स्लॅब ४० फूट बाय २५ फूट, म्हणजे १००० चौरस फूट, मीटरमध्ये साधारण ९३ चौरस मीटर. जाडी पाच इंच, काँक्रीट एम-२०, सिमेंट पीपीसी, महिना एप्रिल. पाणी टँकरचं.

पाणी आत आधीच आहे

सिमेंट वाळून कडक होत नाही. चिखल वाळतो तसं ते वाळत असतं, तर उन्हात लवकर पक्कं झालं असतं आणि आपल्याला काही करावंच लागलं नसतं. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्यातून खडी-वाळूला धरून ठेवणारा पदार्थ तयार होतो. ही क्रिया पहिल्या दिवसांत जोरात आणि नंतर हळूहळू, पण महिनोन् महिने चालते. सात दिवसांत काँक्रीटची साधारण दोन तृतीयांश ताकद येते, आणि ज्या आकड्यावर इंजिनिअर हिशेब करतो ती २८ दिवसांची ताकद असते.

आता एका गोणीचा हिशेब बघा. ५० किलो सिमेंटला २५ लिटर पाणी टाकलं असं धरू. त्यातलं साधारण साडेअकरा लिटर पाणी रासायनिक क्रियेत बांधलं जातं, आणि आणखी सात-साडेसात लिटर नव्याने तयार झालेल्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून राहतं. बेरीज झाली १९ लिटर. म्हणजे मिक्सरमध्ये टाकलेलं पाणी सिमेंटला पुरेसं आहे, वर थोडं उरतंही. फक्त ते आत राहिलं पाहिजे. ते उन्हाने आणि वाऱ्याने उडून जाऊ लागलं आणि आतला ओलावा साधारण ८० टक्क्यांच्या खाली गेला, की क्रिया जवळपास थांबते. सिमेंट शिल्लक असतं, पण त्याला पाणी नसतं.

म्हणून क्युरिंग म्हणजे स्लॅबला पाणी पाजणं नव्हे. भाताच्या पातेल्यावर आपण झाकण ठेवतो, तसं स्लॅबवर पाण्याचं किंवा ओल्या गोणपाटाचं झाकण ठेवायचं आणि ते निघू द्यायचं नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप सुचतात. किती पाणी ओतलं हा प्रश्न मागे पडतो आणि झाकण किती वेळ उघडं राहिलं हा प्रश्न पुढे येतो.

नुकसान होतं ते कुठे, हेही समजून घ्या, कारण ते लगेच दिसत नाही. क्युरिंग नीट न केलेला स्लॅब सहसा कोसळत नाही. पाच इंच जाडीच्या मधल्या भागात ओल टिकून राहते. वाळतो तो पृष्ठभागाजवळचा थर. आणि सळईला झाकणारं काँक्रीट, ज्याला आपण कव्हर म्हणतो, स्लॅबमध्ये ते असतं २० मिलिमीटर. म्हणजे सळईला हवेपासून आणि पाण्यापासून वाचवणारा जो थर, तोच सगळ्यात आधी उपाशी राहतो. तो सच्छिद्र होतो, त्यातून हवा-पाणी आत जातं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडू लागतात. तेव्हा मिस्त्रीचा पत्ता लागत नाही आणि आपण दोष सिमेंटच्या कंपनीला देतो.

किती दिवस

आधी सिमेंटची गोणी वाचा. आपल्याकडे दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी, ज्यात फ्लाय अॅश मिसळलेली असते. ओपीसी हे साधं सिमेंट, त्यात ती मुद्दाम मिसळलेली नसते. फ्लाय अॅश थेट पाण्याशी भिडत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेतून जो चुना सुटतो, त्याच्याशी ती हळूहळू जोडली जाते. म्हणजे तिचं काम उशिरा सुरू होतं आणि त्या वेळीही ओल लागते. पीपीसीचा स्लॅब सातव्या दिवशी कोरडा सोडला, तर फ्लाय अॅशच्या वाट्याचं काम बरंचसं अर्धवट राहतं.

आयएस ४५६ हे आपलं काँक्रीटचं मानक, सन २००० चं. त्यात ओपीसीसाठी कमीत कमी ७ दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी कमीत कमी १० दिवस ओलं ठेवायला सांगितलंय. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर कुठल्याही सिमेंटला १० दिवसांपेक्षा कमी चालत नाही, आणि मिश्र सिमेंटला ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारस आहे. बार्शीत एप्रिलमध्ये पीपीसीचा स्लॅब, म्हणजे सरळ १४ दिवस. मी मावशीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदा खुणा करून ठेवल्या. हास्यास्पद वाटलं तरी करा, कारण आठव्या दिवशी सगळ्यांनाच वाटतं की झालं आता.

पहिली रात्र

सगळ्यात जास्त चुका पहिल्या बारा-पंधरा तासांत होतात, आणि त्या तासांत क्युरिंग सुरूच झालेलं नाही असं सगळे समजत असतात.

काँक्रीट पसरून, व्हायब्रेटर मारून, रंध्याने सारखं केलं की थोडं पाणी वर येतं आणि पृष्ठभाग चकाकतो. ही चकाकी वाऱ्याने उडते. जितकं पाणी खालून वर येतंय त्यापेक्षा जास्त वेगाने ते उडायला लागलं, की अजून मऊ असलेला वरचा थर आकसतो आणि भेगा पडतात. दर चौरस मीटरमधून तासाला एक लिटर पाणी उडू लागलं की धोका सुरू झाला असं इंजिनिअर धरतात, आणि सोलापूरकडच्या उन्हाळी दुपारी वारा सुटला की ती रेषा सहज ओलांडली जाते. या भेगा काही तासांतच दिसतात, बऱ्याचदा तिरक्या आणि एकमेकींना साधारण समांतर. नंतर चौदा दिवस पाणी साठवलं तरी त्या बुजत नाहीत.

त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे वेळ. उन्हाळ्यात सकाळी आठला सुरू करून दुपारी चारला संपवायची पद्धत मला पटत नाही. सगळं फिनिशिंग भर उन्हात येतं. मावशीचा स्लॅब आम्ही दुपारी साडेतीनला सुरू केला आणि रात्री दहाच्या सुमारास संपवला. लाइट लावायला लागले, बिगारी थोडे कुरकुरले, रात्रीच्या जेवणाचा खर्च वाढला. पण फिनिशिंग सूर्य उतरल्यावर झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्लॅस्टिक. मोठा जाड कागद आधीच आणून ठेवा. एका पट्ट्याचं फिनिशिंग होऊन चकाकी गेली की त्यावर तो अलगद पसरा आणि कडेला विटा ठेवून वाऱ्यापासून धरा. पृष्ठभागावर कागदाचे वण उठले तरी बिघडत नाही, गच्चीवर पुढे कोबा येणारच असतो. तोवर एखादी भेग दिसलीच आणि काँक्रीट अजून मऊ असेल, तर रंध्याने जोर देऊन घासून ती मिटवा. काही मिस्त्री अशा वेळी वरून कोरडं सिमेंट भुरभुरतात. ते करू देऊ नका. भेग झाकली जाते, खाली तशीच राहते, आणि वर सिमेंटचा पापुद्रा तयार होतो जो पुढे सुटतो. पाणी शिंपडून पृष्ठभाग पुन्हा घोटणंही तितकंच वाईट. नेमक्या वरच्या थरातच पाणी जास्त होतं आणि तो कमजोर राहतो.

ओलं गोणपाट कधी घालायचं? अंगठ्याने दाबून पाहा. ठसा उमटत नसेल, नखाने जेमतेम ओरखडा येत असेल, तर वेळ झाली. लक्षात ठेवा, सगळा स्लॅब एकाच वयाचा नसतो. मावशीच्या घरी पूर्वेची बाजू साडेतीनला पडली होती आणि पश्चिमेचा शेवटचा पट्टा दहाला, म्हणजे साडेसहा तासांचा फरक. पूर्वेला रात्री अकरा-साडेअकराला भिजवलेली पोती घातली, मधल्या भागात पहाटे तीनच्या सुमारास, आणि शेवटच्या पट्ट्यात सकाळी सहाला. रात्रभर कुणीतरी जागं राहायला हवं. मी ते काम भाच्याकडे दिलं होतं आणि त्याने मोबाइलवर गजर लावून ते चोख केलं.

पोती बादलीत बुडवून, हलकी पिळून घाला. ताज्या स्लॅबवर पाइपची धार कधीही मारू नका, वरचं सिमेंट वाहून जातं आणि वाळू उघडी पडते. आणि उन्हाने तापलेल्या स्लॅबवर दुपारी पहिल्यांदाच बोअरचं थंडगार पाणी ओतू नका. वरचा थर एकदम थंड होऊन आकसतो, आतला गरमच राहतो, आणि बारीक जाळीदार तडे येतात. पहिलं पाणी सकाळी द्या, पुढे ते साठलेलंच असल्याने असा धक्का बसत नाही.

आळी

दुसऱ्या दिवशी सकाळी आळी बांधायची. कमी सिमेंटच्या वाळूच्या मालाने किंवा चिकणमातीने दोन-तीन इंच उंचीचे बांध घालून स्लॅबचे चौकोन करतात, झाडाला आळं करतो तसे. मातीचे स्वस्त पडतात, पण गच्चीवर माती पसरते आणि नंतर घासून काढायला जास्त वेळ जातो. मी सिमेंटचा हलका माल पसंत करतो.

चौकोन लहान ठेवा, साधारण पाच फूट बाय पाच फूट. मावशीच्या स्लॅबवर ते चाळीस झाले. ठेकेदाराला दहा मोठी आळी करायची होती, कष्ट वाचतात म्हणून. पण कुठलाच स्लॅब पाण्याच्या पातळीत नसतो. त्याला उतार असतो, शिवाय हाताने केलेल्या कामाचे चढउतार असतात. मोठ्या आळ्यात पाणी एका बाजूला तीन इंच साठतं आणि दुसरी बाजू कोरडी राहते. पाहणाऱ्याला मात्र वाटतं की आळं भरलेलं आहे. लहान चौकोनात हा फरक बोटभरच उरतो. बीमच्या वरची जागा आणि स्लॅबच्या कडा अनेकदा आळ्यांच्या बाहेर राहतात. तिथे ओली पोती टाका.

पाणी किती खोल? दीड इंच, म्हणजे चार सेंटिमीटर, भरपूर झालं. प्रत्येक सेंटिमीटर पाणी दर चौरस मीटरला १० किलो वजन टाकतं. चार सेंटिमीटरचे ४० किलो, आणि पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोंहून थोडं जास्त. एवढा भार सेंट्रिंगला, म्हणजे खालच्या प्लेटा आणि टेकूंना, जाणवत नाही. पण उत्साहाच्या भरात अर्धा फूट पाणी भरलं, तर स्लॅबच्या वजनाच्या जवळपास निम्मा जादा बोजा कोवळ्या काँक्रीटवर आणि बल्ल्यांवर येतो, आणि फायदा काडीचाही नाही. झाकण जाड केल्याने भात लवकर शिजत नाही.

टँकरचा हिशेब आधी करून ठेवा. आमच्याकडे ९३ चौरस मीटरवर चार सेंटिमीटर म्हणजे पहिल्या भरणीला ३७०० लिटर लागले. त्यानंतर रोज सेंटिमीटरभर पाणी उडायचं आणि थोडं आळ्यांतून झिरपायचं, मिळून साधारण १२०० लिटर. तेरा दिवसांचे १५,६०० आणि पहिले ३७००, एकूण १९,३०० लिटर. पाच हजारांचे चार टँकर. ही रक्कम स्लॅबच्या खर्चापुढे फार नाही, पण बजेटमध्ये आधी धरलेली नसली की सहाव्या दिवशी टंचाई सुरू होते.

आमच्याकडे पैशांची नव्हे, टँकरचीच टंचाई झाली. सहाव्या दिवशी टँकर आलाच नाही. दुपारपर्यंत निम्मी आळी कोरडी. मग होत्या त्या पाण्यात पोती भिजवून पसरली आणि वर प्लॅस्टिक ताणून कडा दाबून टाकल्या. शिवण उसवून पसरलेलं एक पोतं साधारण दीड चौरस मीटर झाकतं. एकावर एक चढवण्यात थोडं जातं, तेव्हा पाऊणशे पोती लागली. आडत बाजारातून जुनी मिळाली. प्लॅस्टिकखाली ओल दिवसभर टिकली आणि पुढे रोज तीन-चारशे लिटरवर भागलं. तेव्हापासून पाणी कमी असलेल्या गावात मी आळ्यांचा आग्रहच धरत नाही. ओलं पोतं आणि त्यावर प्लॅस्टिक ही जोडी कमी पाण्यात तेच काम करते, फक्त वाऱ्याने प्लॅस्टिक उडू नये एवढं पाहावं लागतं.

एखादा दिवस कोरडा गेलाच तर सगळं वाया गेलं असं नाही. पुन्हा भिजवलं की क्रिया पुन्हा थोडी सुरू होते. पण एकदा वाळलेल्या सूक्ष्म वाटा पूर्ववत भरत नाहीत, म्हणून गेलेला दिवस शेवटी जोडून दिला तरी तो पूर्ण भरून निघत नाही.

पाणी कसलं

सोपा नियम असा की जे पाणी काँक्रीट कालवायला चालतं तेच क्युरिंगला वापरायचं. खारं पाणी मात्र टाळा. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात किंवा कोकणात समुद्राजवळच्या विहिरींवर हा प्रश्न खरा आहे. आळ्यातलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. आपण पुन्हा तेच पाणी भरतो, पुन्हा मीठ राहतं. चौदा दिवसांत त्या आळ्यातलं पाणी मूळ विहिरीपेक्षा किती तरी खारट झालेलं असतं आणि ते सळईकडे झिरपत असतं. लोखंडाचा अंश असलेल्या पाण्याने तपकिरी डाग पडतात. गच्चीवर ते चालतात, उघड्या कॉलमवर चालत नाहीत.

रोज काय पाहायचं

सकाळी आळी भरलेली असतातच, त्यामुळे सकाळी पाहून काही कळत नाही. दुपारी तीनला वर जा. एखाद्या पोत्याचा कोपरा उचला आणि खालच्या काँक्रीटला तळहात लावा. हात ओला झाला पाहिजे. काँक्रीट फिकट राखाडी, पांढरट दिसत असेल तर तिथलं झाकण उघडं पडलंय. कडा, कोपरे, जिन्याची बाजू आणि कॉलमच्या सळया वर आलेल्या जागा या चार ठिकाणी हे नेहमी होतं.

खालीही एक चक्कर मारा. आळी भरल्यावर पहिले एक-दोन दिवस प्लेटांच्या फटीतून कुठे कुठे ठिबकतं आणि मालकाचा जीव खालीवर होतो. घाबरू नका, उलट खडूने ती जागा मांडून ठेवा. गळतीची अशी फुकट चाचणी पुन्हा मिळणार नाही. बारीक ओल बऱ्याच वेळा चार-पाच दिवसांत आपोआप थांबते, कारण शिल्लक सिमेंट त्या वाटा हळूहळू भरतं. जिथे धार तशीच चालू राहते, तिथे व्हायब्रेटर नीट न फिरल्याने आत पोकळी असण्याचा संभव असतो. प्लेटा निघाल्यावर ती जागा इंजिनिअरला दाखवा. मिस्त्रीने वरून सिमेंट फासण्याआधी.

स्लॅबवरच्या कामांनाही आवर घाला. दुसऱ्याच दिवशी कॉलमची आखणी आणि चौथ्या दिवशी विटांचे थर वर चढवणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. आखणीसाठी आळी फोडली की ती पुन्हा कुणी बांधत नाही. विटांच्या थराखाली पाणी पोचत नाही, आणि कोवळ्या स्लॅबवर एकाच जागी टनावारी वजन येतं ते वेगळंच. निदान पहिला आठवडा विटा खालीच राहू द्या.

पावसाळ्यात आपोआप क्युरिंग होतं हा समज अर्धाच खरा. झड लागली तर ठीक. पण दोन सरींमध्ये कडक ऊन पडलं आणि वारा सुटला की स्लॅब तासाभरात वाळतो, आणि पाऊस येणार म्हणून पोती कुणी घातलेली नसतात. आणखी एक, साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास होतात. आळ्यांतलं पाणी अधूनमधून खराट्याने हलवा किंवा चार-पाच दिवसांनी एकदा काढून नवं भरा, नाहीतर शेजारी भांडायला येतील आणि त्यांचं बरोबर असेल.

कॉलमला आळी करता येत नाहीत. साचा निघाल्याबरोबर पोतं गुंडाळून सुतळीने बांधा आणि वरून प्लॅस्टिक. नुसतं पाइपने भिजवलेला उभा कॉलम स्लॅबपेक्षाही लवकर सुकतो, आणि घराचं सगळं ओझं त्याच्यावरच असतं.

फवारायचं क्युरिंग कंपाउंड बाजारात मिळतं. पृष्ठभागावर त्याचा मेणासारखा पापुद्रा बसतो आणि आतलं पाणी अडतं. रस्ते आणि मोठे तळ यांच्यासाठी ते सोयीचं. घराच्या गच्चीवर मात्र पुढे वॉटरप्रूफिंग आणि ब्रिकबॅट कोबा यायचा असतो, आणि तो पापुद्रा नीट काढला नाही तर वरचा थर खालच्याला धरत नाही. म्हणून घरकामात मी ते सहसा सुचवत नाही.

क्यूब पास झाला म्हणजे झालं नाही

स्लॅबच्या दिवशी त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरून प्रयोगशाळेत ताकद तपासायला पाठवतात. २८ दिवसांनी रिपोर्ट येतो आणि आकडा चांगला असला की सगळे निश्चिंत होतात. पण ते क्यूब चारही आठवडे सुमारे २७ अंशांच्या पाण्याच्या टाकीत बुडून होते. मिक्सरमधून आलेलं काँक्रीट कसं होतं एवढं ते सांगतात. तुमच्या गच्चीवर त्याचं पुढे काय झालं, याची त्यांना गंधवार्ता नसते. ठेकेदार क्यूबचा रिपोर्ट दाखवून क्युरिंगचा विषय मिटवत असेल तर हे त्याला सांगा.

स्वतः पाहायचं असेल तर चौदा दिवसांनंतर एक कोरडी जागा निवडून तिच्यावर हात फिरवा. हाताला पांढरी पूड लागते का? खिळ्याने रेघ मारा. नीट झालेल्या स्लॅबवर फिकट ओरखडा उमटतो, उपाशी राहिलेल्या स्लॅबवर चर पडतो आणि वाळूचे कण सुटतात. पाण्याचा थेंब टाका. तो एका जागी बराच वेळ टिकला तर बरं, बघता बघता शोषला गेला तर वरचा थर सच्छिद्र आहे. या घरगुती परीक्षा आहेत, यावरून ताकदीचा आकडा मिळत नाही. दोन जागांमधला फरक मात्र लगेच कळतो.

सेंट्रिंग कधी काढायचं

हा प्रश्न क्युरिंगशी बांधलेला आहे, कारण दिवस मोजले जातात ते ताकद वाढतेय असं धरून. गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर. आयएस ४५६ मध्ये ओपीसीसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस. पीपीसीला यापेक्षा जास्त थांबावं लागतं, किती ते इंजिनिअरला विचारा. आणि मधले दिवस कोरडे गेले असतील तर कॅलेंडरवरचा आकडा खरा धरू नका. बाहेर झुकलेल्या छज्ज्याचे आणि बाल्कनीचे टेकू सर्वात शेवटी काढतात, आणि तेही टोकाकडून भिंतीकडे येत.

प्लेटा असेपर्यंत स्लॅबची खालची बाजू झाकलेली असते. म्हणून वरून पाणी साठवलं की पुरतं. पण गाळ्याच्या मध्यात मुख्य सळई खालच्या बाजूला असते आणि तिचं कव्हरही तेवढंच, २० मिलिमीटर. ठेकेदाराने प्लेटा दुसऱ्या कामावर न्यायच्या म्हणून लवकर काढल्या आणि टेकू तेवढे परत लावले, तर तो थर उघडा पडतो. अशा वेळी चौदा दिवस पूर्ण होईपर्यंत खालूनही फवारा मारा आणि दारं-खिडक्यांच्या मोकळ्या जागा प्लॅस्टिकने बंद करून वारा अडवा.

मावशीच्या घरी चौदाव्या दिवशी पाणी भरणं थांबवलं, पण पोती आणखी दोन दिवस तशीच ठेवली, म्हणजे एकदम कडक उन्हात न पडता स्लॅब हळू वाळला. टेकू २१ व्या दिवशी निघाले. खडूने मांडलेल्या पाच ओलसर जागांपैकी चार कधीच्या कोरड्या झाल्या होत्या. पाचवी जिन्याच्या बाजूची होती, तिथे प्लेट निघाल्यावर मूठभर पोकळी सापडली आणि इंजिनिअरच्या सांगण्यावरून ती भरून घेतली. वर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात मात्र दोन हात जागेवर खिळ्याने चर पडला. तिथलं प्लॅस्टिक सातव्या रात्री वाऱ्याने उडालं होतं आणि ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कोबा टाकण्याआधी तेवढा भाग तारेच्या ब्रशने घासून सुटा थर काढला, धुऊन घेतला, आणि मगच वॉटरप्रूफिंगवाल्याला वर सोडलं.